एमएसआय आणि ईएक्सई इन्स्टॉलर

एमएसआय आणि ईएक्सई हे विंडोज या कार्यप्रणालीवर आज्ञावली बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संचिकांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातील संचिकेच्या नावाच्या शेवटी `.msi` आणि दुसऱ्या प्रकारातील संचिकेच्या नावाच्या शेवटी `.exe` असते. दोन्हींवर दोनदा टिचकी मारल्यावर साधारणपणे सारखीच खिडकी उघडते आणि "पुढे, पुढे, समाप्त" असा सारखाच क्रम दिसतो. त्यामुळे वापरणाऱ्यास त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. हा भेद प्रामुख्याने दोन प्रसंगी जाणवतो. एक, अनेक संगणकांवर कोणताही प्रश्न न विचारता आज्ञावली बसवायची असते तेव्हा, म्हणजे मूक स्थापना करताना. दुसरा, बसवलेल्या आज्ञावलीतील एखादी संचिका नाहीशी झाल्यास किंवा बिघडल्यास ती पूर्ववत करायची असते तेव्हा, म्हणजे दुरुस्ती करताना.

थोडक्यात सांगायचे तर एमएसआय प्रकारात मूक स्थापना आणि दुरुस्ती या दोन्ही सोयी विंडोज स्वतः पुरवते व त्यांच्या आज्ञा सर्वत्र सारख्या असतात. ईएक्सई प्रकारात या सोयी असतील की नाही, आणि असल्यास कोणत्या आज्ञेने मिळतील, हे तो इन्स्टॉलर तयार करणाऱ्यावर अवलंबून असते. या नियमास काही महत्त्वाचे अपवाद आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे.

## स्वरूपातील फरक

ईएक्सई ही स्वतः चालणारी आज्ञावली आहे. संचिका कोठे ठेवायच्या, रजिस्ट्रीत कोणत्या नोंदी करायच्या, मेनूमध्ये कोणते शॉर्टकट घालायचे आणि स्थापना अर्धवट राहिली तर काय करायचे, हे सर्व तिच्या आत लिहिलेल्या सूचनांनुसार घडते. विंडोजच्या दृष्टीने ती इतर कोणत्याही आज्ञावलीसारखीच असते. ती नेमके काय करणार आहे हे विंडोजला आधी ठाऊक नसते आणि नंतरही त्याची संपूर्ण नोंद राहत नाही.

एमएसआय संचिका मात्र स्वतः चालत नाही. ती एक लहानसा डेटाबेस असते. तिच्यात अनेक तक्ते असतात. `File` या तक्त्यात बसवायच्या संचिकांची यादी असते, `Registry` मध्ये रजिस्ट्रीतील नोंदी, `Shortcut` मध्ये शॉर्टकट, तर `Property` मध्ये बदलता येण्याजोगी मूल्ये असतात. हे तक्ते वाचून प्रत्यक्ष काम करणारी यंत्रणा म्हणजे विंडोज इन्स्टॉलर ही विंडोजमधील सेवा. तिला आज्ञा देण्यासाठी `msiexec.exe` ही आज्ञावली वापरली जाते. एमएसआय संचिकेवर टिचकी मारली तरी पडद्याआड हीच आज्ञावली चालते. स्वयंपाकाची उपमा द्यायची तर एमएसआय ही साहित्य आणि कृती लिहिलेली वही आहे आणि विंडोज इन्स्टॉलर हा ती वाचून रांधणारा आचारी आहे. ईएक्सई म्हणजे स्वतःची कृती मनात ठेवून येणारा परका आचारी होय.

विंडोज इन्स्टॉलर ही यंत्रणा मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये ऑफिस २००० या संचाबरोबर प्रथम आणली. पुढे विंडोज २००० पासून ती कार्यप्रणालीचाच भाग झाली. तिच्या पूर्वी प्रत्येक कंपनी आपापला ईएक्सई इन्स्टॉलर लिहीत असे. एका आज्ञावलीच्या इन्स्टॉलरने दुसरीच्या सामाईक संचिकेवर जुनी प्रत लिहिणे, किंवा आज्ञावली काढून टाकताना दुसरीला लागणारी संचिका पुसली जाणे, हे प्रकार त्यामुळे वारंवार घडत. संचिकांची नोंद एका ठिकाणी ठेवणारी यंत्रणा त्यावर उपाय म्हणून आली. दुरुस्तीची सोय ही या नोंदीचीच परिणती आहे. काय बसवले होते याची यादी जवळ असेल, तरच काय नाहीसे झाले ते कळू शकते.

स्थापना पूर्ण झाल्यावर विंडोज इन्स्टॉलर एमएसआय संचिकेची एक प्रत `C:\Windows\Installer` या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. तेथे तिचे मूळ नाव नसते, तर अंक व अक्षरांचे एक नवे नाव असते. डिस्कवरील जागा मोकळी करण्याच्या हेतूने अनेक जण हे फोल्डर रिकामे करतात. असे केल्यास त्या आज्ञावल्यांची दुरुस्ती करणे, त्या अद्ययावत करणे किंवा काढून टाकणे या तिन्ही गोष्टींत अडथळा येतो.

## मूक स्थापना

### एमएसआय

एमएसआय प्रकारात मूक स्थापनेची आज्ञा प्रत्येक आज्ञावलीसाठी एकच असते. `/i` म्हणजे स्थापना, `/x` म्हणजे काढून टाकणे आणि `/f` म्हणजे दुरुस्ती. यांच्या जोडीला पडद्यावर काय दिसावे हे सांगणारा पर्याय देता येतो. `/qn` दिल्यास काहीही दिसत नाही. `/qb` दिल्यास केवळ प्रगती दाखवणारी पट्टी आणि रद्द करण्याचे बटण दिसते. `/passive` दिल्यास पट्टी दिसते, पण प्रश्न विचारले जात नाहीत. `/quiet` या पर्यायाचा परिणाम `/qn` सारखाच असतो. स्थापनेनंतर संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ नये म्हणून `/norestart` लिहितात.

मूक स्थापनेत पडद्यावर काही दिसत नसल्यामुळे ती यशस्वी झाली की नाही हे परतीच्या क्रमांकावरून ओळखावे लागते. `0` म्हणजे यश. `3010` म्हणजेही यशच, परंतु संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक आहे. `1618` म्हणजे त्या क्षणी दुसरी एखादी स्थापना चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम हाती घेतो, म्हणून अशा वेळी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. `1603` म्हणजे स्थापना अयशस्वी झाली. हा क्रमांक कारण सांगत नाही. कारण शोधण्यासाठी `/L*v` या पर्यायाने नोंद-संचिका तयार करून घ्यावी लागते. ती संचिका काही हजार ओळींची असू शकते, पण तिच्यात `Return value 3` हे शब्द शोधले की बहुधा त्यांच्या लगेच वरच्या ओळींत खरे कारण सापडते.

मूक स्थापनेत सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे साध्या कमांड प्रॉम्प्टमधून `/qn` वापरणे. एरवी प्रशासकाची परवानगी लागताच विंडोज तसा प्रश्न विचारते. `/qn` मध्ये प्रश्न विचारण्यास मज्जाव असल्यामुळे परवानगी मिळत नाही आणि स्थापना तेथेच थांबते. नोंद-संचिकेत `1925` हा क्रमांक दिसल्यास हेच कारण असते. प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून तीच आज्ञा दिली की काम होते.

### ईएक्सई

ईएक्सई प्रकारात अशी समान आज्ञा नाही. तरीही बहुसंख्य ईएक्सई इन्स्टॉलर मोजक्या साधनांच्या साहाय्याने बनवलेले असतात आणि प्रत्येक साधनाची स्वतःची रीत असते. इनो सेटअप या १९९७ पासूनच्या साधनाने बनवलेला इन्स्टॉलर `/VERYSILENT` हा पर्याय ओळखतो. `/SILENT` दिल्यास त्यात प्रगतीची खिडकी दिसते. विनॅम्प या प्रसिद्ध आज्ञावलीच्या नलसॉफ्ट या कंपनीने तयार केलेल्या एनएसआयएस या साधनाने बनवलेल्या इन्स्टॉलरला `/S` लागतो. इन्स्टॉलशील्डने बनवलेल्या आणि आत एमएसआय असलेल्या इन्स्टॉलरला बहुधा `/s /v"/qn"` असे लिहावे लागते. विक्स या साधनाच्या बर्न या भागाने बनवलेले इन्स्टॉलर `/quiet` ओळखतात.

येथे लहान आणि मोठ्या अक्षरांतील फरकही महत्त्वाचा ठरतो. एनएसआयएसला मोठे `S` लागते. लहान `s` लिहिल्यास तो पर्याय ओळखला जात नाही आणि चूक दाखवण्याऐवजी नेहमीची खिडकी उघडते. समोर बसून काम करणाऱ्यास ती दिसते. दूरच्या संगणकावर किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामात मात्र ती कोणालाच दिसत नाही आणि इन्स्टॉलर उत्तराची वाट पाहत तासन्‌तास अडकून राहतो. टास्क मॅनेजरमध्ये इन्स्टॉलरचे नाव दिसते, पण तो प्रोसेसरचा वापर जवळजवळ करत नाही, अशी स्थिती दिसल्यास बहुधा हेच घडलेले असते.

परतीच्या क्रमांकांबाबतही ईएक्सई प्रकारात एकवाक्यता नसते. काही इन्स्टॉलर आतील दुसरी आज्ञावली सुरू करून स्वतः लगेच बंद होतात आणि `0` परत देतात, जरी खरी स्थापना अजून चालू असली तरी. म्हणून अशा वेळी केवळ क्रमांकावर विसंबून न राहता अपेक्षित संचिका डिस्कवर आली आहे का, हेही पाहावे लागते.

## दुरुस्ती

### एमएसआय

एमएसआय प्रकारातील दुरुस्ती दोन मार्गांनी करता येते. कंट्रोल पॅनेलमधील आज्ञावल्यांच्या यादीत संबंधित नाव निवडल्यास वरच्या पट्टीत `Repair` हे बटण दिसते. इन्स्टॉलर बनवणाऱ्याने हे बटण लपवले असेल, तरीही `msiexec /f` ही आज्ञा देता येते.

`/f` नंतर काही लिहिले नाही तर विंडोज इन्स्टॉलर `omus` असे धरून चालतो. यातील `o` म्हणजे नाहीशा झालेल्या किंवा जुन्या आवृत्तीच्या संचिका पुन्हा ठेवणे. `m` आणि `u` म्हणजे अनुक्रमे संपूर्ण संगणकाच्या आणि वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीतील नोंदी पुन्हा लिहिणे. `s` म्हणजे शॉर्टकट पुन्हा तयार करणे.

यातील `o` चा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण "दुरुस्ती केली तरी बिघाड तसाच" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्यात असते. समजा, डिस्कवरील दोषामुळे एखाद्या संचिकेतील मजकूर बिघडला, पण तिच्यावर लिहिलेला आवृत्ती क्रमांक शाबूत राहिला. दुरुस्ती करताना विंडोज इन्स्टॉलर क्रमांक पाहतो. संचिका नाहीशी झालेली नाही आणि जुनीही नाही, असे ठरवून तो तिला हात लावत नाही. दुरुस्ती यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि आज्ञावली मात्र पूर्वीसारखीच बंद पडते. अशा वेळी `/fa` वापरावे. यातील `a` मुळे कोणतीही तुलना न करता सर्व संचिका नव्याने ठेवल्या जातात. त्यास वेळ अधिक लागतो, परंतु शंका उरत नाही.

आवृत्ती क्रमांक नसलेल्या संचिकांबाबत, उदाहरणार्थ साध्या मजकुराच्या संचिकांबाबत, आणखी एक नियम आहे. संचिका बसवल्यानंतर तिच्यात बदल झाल्याचे तारखेवरून दिसत असेल, तर ती वापरकर्त्याने हेतुतः बदलली आहे असे मानून नेहमीच्या दुरुस्तीत तिला तसेच ठेवले जाते.

दुरुस्तीसाठी मूळ एमएसआय संचिका पुन्हा लागू शकते. `C:\Windows\Installer` मधील प्रत यंत्रणेला नोंदी पुरवते, परंतु नाहीशा झालेल्या संचिकेचा मजकूर मिळवण्यासाठी यंत्रणा ज्या ठिकाणाहून स्थापना झाली होती त्या ठिकाणी जाते. स्थापना पेनड्राइव्हवरून केली असेल आणि आता तो जोडलेला नसेल, तर दुरुस्ती अडते. पडद्यावर खिडकी असल्यास मूळ संचिका कोठे आहे असा प्रश्न विचारला जातो. मूक दुरुस्तीत प्रश्न विचारता येत नाही. मग नोंद-संचिकेत `1706` ही त्रुटी दिसते आणि दुरुस्ती सोडून दिली जाते. मूळ संचिकेचे नाव बदलले असेल तरीही हाच अनुभव येतो, कारण यंत्रणा त्याच नावाची संचिका शोधते.

### ईएक्सई

ईएक्सई प्रकारात दुरुस्तीची सोय मूलतः नसते. इनो सेटअप किंवा एनएसआयएसने बनवलेल्या बहुतेक इन्स्टॉलरांमध्ये "दुरुस्ती" असा वेगळा पर्याय दिसत नाही. तेथे तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून जुन्या स्थापनेवर नवी स्थापना करणे हाच व्यवहारातील मार्ग असतो. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. मात्र कोणती संचिका बदलायची आणि कोणती ठेवायची हा निर्णय त्या इन्स्टॉलरच्या लेखकाचा असतो. काही इन्स्टॉलर आधीची स्थापना काढून टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि काढून टाकताना वापरकर्त्याच्या निवडी पुसल्या जाण्याची शक्यता असते.

याला ठळक अपवाद म्हणजे बर्नने बनवलेले इन्स्टॉलर. अनेक आज्ञावल्यांना लागणारा मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ संच `VC_redist.x64.exe` या ईएक्सई संचिकेतून मिळतो. परंतु तिच्या आत एमएसआय संचिका असतात आणि दुरुस्तीचा पर्यायही असतो:

```
VC_redist.x64.exe /repair /quiet /norestart
```

म्हणजे बाहेरून ईएक्सई असलेल्या इन्स्टॉलरमध्येही मूक दुरुस्ती शक्य असते. मात्र ती शक्य होते ती आतील एमएसआयमुळे.

## उदाहरण: शाळेच्या संगणक कक्षात मराठी लिब्रेऑफिस

लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच विंडोजसाठी एमएसआय स्वरूपात दिला जातो आणि त्याच्या खिडक्या व मेनू मराठीतही उपलब्ध आहेत. अंबरनाथजवळील मोरिवलीसारख्या वस्तीतील एखाद्या मराठी माध्यमाच्या शाळेत वीस संगणक आहेत आणि त्या सर्वांवर हा संच बसवायचा आहे असे धरू. प्रत्येक संगणकावर खिडकीतून भाषा निवडत बसायचे, तर संपूर्ण दुपार जाते आणि एखाद्या संगणकावर मराठी निवडायची राहून जाते.

प्रथम प्रत्येक संगणकावर `C:\Setup` असे फोल्डर करून त्यात एमएसआय संचिका उतरवून ठेवावी. थेट पेनड्राइव्हवरून स्थापना करू नये, कारण पुढे दुरुस्तीच्या वेळी यंत्रणा तोच पेनड्राइव्ह मागेल. नंतर प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्यावी. ती एकाच ओळीत लिहायची आहे.

```
start /wait msiexec /i "C:\Setup\LibreOffice_24.8.4_Win_x86-64.msi" UI_LANGS=en_US,mr /qn /norestart /L*v "C:\Setup\lo.log"
echo %errorlevel%
```

येथे `UI_LANGS` हे लिब्रेऑफिसच्या एमएसआयमधील मूल्य आहे. `mr` ही मराठीची खूण आहे. इंग्रजी आणि मराठी या दोनच भाषा बसवल्या जातील असा या आज्ञेचा अर्थ होतो. आरंभीचे `start /wait` महत्त्वाचे आहे. ते नसेल तर कमांड प्रॉम्प्ट स्थापना संपण्याची वाट न पाहता लगेच पुढची ओळ स्वीकारतो आणि दिसणारा क्रमांक निरर्थक ठरतो. दुसऱ्या ओळीने `0` किंवा `3010` दाखवल्यास स्थापना झाली असे समजावे. `3010` आल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

काही महिन्यांनी एका संगणकावर विषाणूरोधक आज्ञावलीने संशयावरून लिब्रेऑफिसची एक संचिका हलवली आणि संच उघडेनासा झाला असे समजू. संच काढून टाकून पुन्हा बसवण्याची गरज नाही. लिब्रेऑफिसच्या सर्व खिडक्या बंद करून पुढील आज्ञा द्यावी:

```
start /wait msiexec /fa "C:\Setup\LibreOffice_24.8.4_Win_x86-64.msi" /qn /norestart /L*v "C:\Setup\lo-repair.log"
```

येथे दिलेली एमएसआय संचिका स्थापनेच्या वेळचीच असली पाहिजे. संकेतस्थळावरून नवी आवृत्ती उतरवून तिच्यावर `/fa` चालवल्यास `1605` हा क्रमांक येतो. "ही आज्ञावली या संगणकावर नाही" असा त्याचा अर्थ आहे, कारण प्रत्येक आवृत्तीची ओळख वेगळी असते. म्हणून मूळ संचिका जपून ठेवणे हा दुरुस्तीच्या सोयीचाच एक भाग समजावा.

दुरुस्तीनंतरही संच उघडत नसेल तर दोष वापरकर्त्याच्या निवडींच्या फोल्डरमध्ये असू शकतो. ते फोल्डर `%APPDATA%\LibreOffice\4\user` येथे असते. एमएसआयच्या तक्त्यांत त्याची नोंद नसते, कारण ते स्थापनेच्या वेळी नव्हे, तर संच प्रथम उघडल्यावर तयार होते. त्यामुळे कितीही वेळा दुरुस्ती केली तरी त्या फोल्डरला धक्का लागत नाही. याची परीक्षा सोपी आहे. त्याच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याच्या खात्यातून संच नीट उघडत असेल, तर बिघाड स्थापनेत नसून पहिल्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये आहे. अशा वेळी त्या फोल्डरचे नाव बदलून संच पुन्हा उघडावा, म्हणजे नवे फोल्डर तयार होते.

स्थापना चालू असताना वीज गेली तर काय होते, हाही शाळांतील नेहमीचा प्रश्न आहे. विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक बदल करण्यापूर्वी तो मागे घेण्याची माहिती डिस्कवर लिहितो. वीज आल्यावर पुढची स्थापना सुरू करताच आधीची अर्धवट स्थापना मागे घेण्याविषयी सूचना मिळते. ती मान्य करावी आणि मग स्थापना नव्याने करावी. हा टप्पा `/qn` न वापरता खिडकीसह करणे सोयीचे असते. ईएक्सई इन्स्टॉलरमध्ये अशी हमी नसते. तेथे अर्धवट संचिका तशाच राहू शकतात.

## नाव एक, अंतरंग दुसरे

`.msi` हे नाव पाहून दुरुस्तीची सोय आहेच असे मानणे चुकीचे ठरू शकते. फायरफॉक्स हा न्याहाळक मराठीतही मिळतो. २०१९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ६५ व्या आवृत्तीपासून त्याची एमएसआय संचिकाही दिली जाते. परंतु ही एमएसआय म्हणजे ईएक्सई इन्स्टॉलरभोवतीचे वेष्टन आहे. ती आतील ईएक्सई मूक पद्धतीने चालवते. ज्या संस्थांची यंत्रणा केवळ एमएसआय स्वीकारते त्यांच्यासाठी ती उपयुक्त आहे. मात्र फायरफॉक्सच्या प्रत्येक संचिकेची नोंद तिच्या तक्त्यांत नसल्यामुळे `msiexec /f` ने त्या संचिकांची दुरुस्ती होण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. फायरफॉक्स काढून टाकण्यासाठीही त्याच्याच फोल्डरमधील `uninstall\helper.exe` ही आज्ञावली `/S` या पर्यायासह वापरतात.

याउलट सेव्हन-झिप या संचिका दाबून लहान करणाऱ्या आज्ञावलीचे दोन्ही प्रकारचे इन्स्टॉलर मिळतात आणि दोन्ही मूक पद्धतीने बसवता येतात:

```
7z2409-x64.exe /S
msiexec /i 7z2409-x64.msi /q
```

एकच आज्ञावली एकाच संगणकावर दोन्ही प्रकारांनी बसवू नये. यादीत तिचे नाव दोनदा दिसू लागते आणि एक नोंद काढून टाकताना दुसऱ्या नोंदीच्या संचिकाही पुसल्या जाऊ शकतात.

## प्रकार ओळखण्याची रीत

आधीच बसवलेली आज्ञावली कोणत्या प्रकारची आहे हे रजिस्ट्रीवरून कळते. रजिस्ट्री संपादक उघडून पुढील ठिकाणी जावे:

```
HKLM\SOFTWARE\Microsoft\Windows\CurrentVersion\Uninstall
```

येथे प्रत्येक आज्ञावलीची एक नोंद असते. ३२ बिट आज्ञावल्यांच्या नोंदी `SOFTWARE` खालील `WOW6432Node` मध्ये अशाच रचनेत सापडतात. नोंदीमध्ये `WindowsInstaller` हे मूल्य `1` असेल आणि `UninstallString` ची सुरुवात `MsiExec.exe` ने होत असेल, तर ती आज्ञावली एमएसआय प्रकाराने बसवलेली आहे. महिरपी कंसांतील लांबलचक ओळख-क्रमांक हा तिचा प्रॉडक्ट कोड होय. मूळ संचिकेचे नाव ठाऊक नसले तरी `msiexec /fa` नंतर हा कोड लिहून दुरुस्ती करता येते. अर्थात मूळ संचिका पूर्वीच्या जागी असली पाहिजे. `UninstallString` मध्ये `unins000.exe` असे नाव असल्यास तो इन्स्टॉलर बहुधा इनो सेटअपने बनवलेला असतो.

अद्याप न बसवलेल्या ईएक्सईबाबत कमांड प्रॉम्प्टमध्ये तिच्या नावापुढे `/?` लिहून पाहावे. इनो सेटअप आणि बर्नचे इन्स्टॉलर आपले पर्याय एका खिडकीत दाखवतात. एनएसआयएसचे इन्स्टॉलर सहसा असे काही दाखवत नाहीत व थेट स्थापनेची खिडकी उघडतात. ती रद्द करून मग `/S` वापरून पाहता येते. हा प्रयोग आधी एकाच संगणकावर करावा.

## निवड

आज्ञावलीच्या निर्मात्याने दोन्ही प्रकार दिले असतील, तर एका घरगुती संगणकासाठी कोणताही चालतो. अनेक संगणकांची देखभाल करायची असल्यास एमएसआय अधिक सोयीचा असतो, कारण एकदा शिकलेली आज्ञा, तेच परतीचे क्रमांक आणि तीच नोंद-संचिकेची रीत सर्वत्र उपयोगी पडते. केवळ ईएक्सई उपलब्ध असेल तर तो कोणत्या साधनाने बनवला आहे हे आधी ओळखावे आणि त्या साधनाचा मूक पर्याय एका संगणकावर पडताळून पाहावा. दुरुस्तीचा पर्याय नाही असे गृहीत धरून मूळ इन्स्टॉलर जपून ठेवावा. दोन्ही प्रकारांत एक मर्यादा समान आहे. दुरुस्तीमुळे आज्ञावलीच्या संचिका परत येतात, परंतु वापरकर्त्याने तयार केलेले लेखन, चित्रे किंवा हिशेब परत येत नाहीत. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते.